एका घरात दोन जाळी : फोनला टीव्ही का सापडत नाही आणि एमडीएनएस रिफ्लेक्टर काय करतो

घरातील वायफायचे दोन भाग करण्याची पद्धत आता मोठ्या कार्यालयांपुरती राहिलेली नाही. संगणक, फोन आणि कागदपत्रांची हार्डडिस्क एका जाळ्यात, तर टीव्ही, कॅमेरे, दिवे आणि स्पीकर दुसऱ्या जाळ्यात, अशी मांडणी अनेक घरांत दिसू लागली आहे. त्यामागे सबळ कारण आहे. २०१६ साली ‘मिराय’ या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्याच बळावर ‘डाइन’ या डीएनएस सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी मोठी संकेतस्थळे काही तास विस्कळीत झाली. ज्या उपकरणाच्या सुरक्षेची खात्री नाही, ते कामाच्या संगणकापासून दूर ठेवावे, हा धडा तेव्हापासून रुजला.

मात्र जाळी वेगळी केली, की बहुधा त्याच संध्याकाळी घरात तक्रार सुरू होते. फोनवरील कास्टचे चिन्ह नाहीसे होते, प्रिंटर यादीतून गायब होतो. टीव्ही चालू असतो, त्यावर इंटरनेटही असते. पण फोनच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नसतो. अशा वेळी बहुतेक जण एक तर टीव्ही पुन्हा मूळ जाळ्यात आणतात, किंवा दोन्ही जाळ्यांमधील भिंत सरसकट पाडतात. दोन्ही मार्गांनी वेगळेपणाचा मूळ हेतू संपतो. वास्तविक, यंत्र सापडणे आणि यंत्राशी जोडले जाणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. त्या वेगवेगळ्या हाताळल्या, तर भिंतही टिकते आणि कास्टिंगही चालते.

हाक उंबरठ्यापाशी का थांबते?

फोनला टीव्हीचा पत्ता कोणी सांगितलेला नसतो. कास्ट करता येणारे ॲप उघडताच फोन आपल्या जाळ्यात एक हाक देतो : ‘येथे कास्ट स्वीकारणारे कोणी आहे काय?’ ही हाक एका ठराविक यंत्राला उद्देशून नसते. ती `224.0.0.251` या सामूहिक पत्त्यावर, यूडीपीच्या ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर जाते. त्या जाळ्यातील सर्व यंत्रे ती ऐकतात आणि जिच्याविषयी विचारणा आहे ते यंत्र उत्तर देते. मध्यवर्ती नोंदवही न ठेवता नावे शोधण्याच्या या पद्धतीला मल्टिकास्ट डीएनएस, संक्षेपाने एमडीएनएस, म्हणतात. ॲपलने २००२ मध्ये ती ‘राँदेव्हू’ या नावाने आपल्या संगणकांत आणली, २००५ मध्ये तिचे ‘बाँजूर’ असे नामांतर केले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ या दस्तावेजाद्वारे ती प्रमाणित झाली. गुगल कास्ट, एअरप्ले आणि आजचे बहुतेक वायफाय प्रिंटर याच पद्धतीवर विसंबून असतात.

या पद्धतीची मर्यादा तिच्या व्याख्येतच आहे. `224.0.0.` ने सुरू होणारे सामूहिक पत्ते त्याच एका जाळ्यापुरते राखून ठेवलेले आहेत आणि राउटरने ते पुढे धाडू नयेत, असा नियम आहे. म्हणून फायरवॉलमध्ये सर्व काही मोकळे केले, तरी फोनची हाक दुसऱ्या सबनेटमध्ये पोहोचत नाही. राउटर बिघडलेला नसतो. तो नियम पाळत असतो. ‘सगळी दारे उघडली, तरी टीव्ही दिसत नाही’ या नेहमीच्या कोड्याचे उत्तर हेच आहे.

पाकीट बदलते, पत्र तेच राहते

यावर उपाय म्हणजे एमडीएनएस रिफ्लेक्टर. दोन्ही जाळ्यांत पाय असलेले यंत्र घरात एकच असते, ते म्हणजे राउटर. त्यावर चालणारी ही छोटी प्रणाली एका जाळ्यातील हाक ऐकते आणि तीच हाक दुसऱ्या जाळ्यात स्वतःच्या आवाजात पुन्हा देते. उत्तर आले की ते पहिल्या जाळ्यात त्याच रीतीने उच्चारते. येथे काहीही राउटर ओलांडून जात नाही. राउटर ऐकतो आणि नव्याने बोलतो, त्यामुळे वरील नियमही मोडत नाही.

टपालाच्या भाषेत सांगायचे तर पाकीट बदलते, आतील पत्र तेच राहते. पुन्हा दिलेल्या उत्तरावर पाठवणारा म्हणून राउटरचा पत्ता असतो. आत मात्र टीव्हीने लिहिलेल्या नोंदी जशाच्या तशा असतात : सेवेचे नाव, ती कोणत्या पोर्टवर आहे, यंत्राची माहिती आणि टीव्हीचा खरा आयपी पत्ता. फोन हे पत्र वाचतो आणि त्यातील पत्त्यावर थेट टीव्हीशी संपर्क साधतो. या दुसऱ्या पावलात रिफ्लेक्टरचा कोणताही सहभाग नसतो. तेथे फायरवॉलचे राज्य सुरू होते.

एका सदनिकेचे उदाहरण

समजा, पुण्यातील एका सदनिकेत कर सल्लागाराचे घर आणि कार्यालय एकत्र आहे. अशिलांची कागदपत्रे असलेला संगणक आणि घरच्यांचे फोन `192.168.10.0/24` या मुख्य जाळ्यात आहेत. टीव्ही आणि कॅमेरे `192.168.30.0/24` या दुसऱ्या जाळ्यात आहेत. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली असून त्यात पहिल्या जाळ्याचे नाव `br-lan` आणि दुसऱ्याचे `br-iot` आहे. फोनचा पत्ता `192.168.10.54`, तर टीव्हीचा `192.168.30.21` आहे. टीव्हीचा पत्ता राउटरच्या डीएचसीपीमध्ये कायम करून ठेवलेला बरा, कारण पुढील तपासणीत तो वारंवार लागतो.

प्रथम दोष खरोखर दोन जाळ्यांमध्येच आहे का, हे पाहावे. फोन काही मिनिटांसाठी टीव्हीच्या वायफायला जोडावा. तेथे टीव्ही लगेच सापडला, तर दोष सीमेवर आहे. तेथेही सापडला नाही, तर रिफ्लेक्टर बसवून उपयोग नाही. बहुधा त्या वायफायमध्ये ‘क्लायंट आयसोलेशन’ किंवा ‘एपी आयसोलेशन’ चालू असते. या सोयीमुळे एकाच वायफायवरील यंत्रे एकमेकांना दिसत नाहीत. पाहुण्यांसाठीच्या वायफायमध्ये ती अनेकदा आपोआप चालू असते.

दोष सीमेवर असल्याची खात्री झाली, की राउटरच्या सॉफ्टवेअर पानावरून `avahi-dbus-daemon` हे पॅकेज बसवावे. `umdns` हे पॅकेज आधीपासून असल्यास काढून टाकावे, कारण तेही ५३५३ क्रमांकाच्याच पोर्टवर बसते. त्यानंतर `/etc/avahi/avahi-daemon.conf` या फाइलमध्ये पुढील ओळी त्या त्या विभागात असाव्यात :

```
[server]
allow-interfaces=br-lan,br-iot

[reflector]
enable-reflector=yes
```

`allow-interfaces` ही ओळ अनेक जण गाळतात. ती नसेल तर रिफ्लेक्टर राउटरच्या सर्व जोडण्यांवर बोलू लागतो आणि घरातील यंत्रांची नावे इंटरनेट कंपनीच्या बाजूच्या तारेवरही पाठवतो. ओळी लिहून झाल्यावर प्रणाली पुन्हा सुरू करावी :

```
/etc/init.d/avahi-daemon restart
```

फायरवॉलचे दोन प्रश्न

टीव्हीचे जाळे अविश्वासू मानले असल्याने तेथून राउटरशी बोलण्यास सहसा मनाई असते. ती योग्यही आहे. परंतु टीव्हीचे उत्तरच राउटरच्या कानी पडले नाही, तर तो ते पुन्हा उच्चारणार कसे? म्हणून तेवढी एक खिडकी उघडावी लागते :

```
config rule
    option name 'Allow-mDNS-iot'
    option src 'iot'
    option proto 'udp'
    option dest_port '5353'
    option target 'ACCEPT'
```

या नियमात `dest` ही ओळ मुद्दाम नाही. त्यामुळे तो केवळ राउटरपर्यंत येणाऱ्या संदेशांना लागू होतो आणि टीव्हीला मुख्य जाळ्यात प्रवेश मिळत नाही.

दुसरा प्रश्न प्रत्यक्ष जोडणीचा. गुगल कास्टमध्ये फोन टीव्हीच्या टीसीपी ८००९ पोर्टशी जोडला जातो. त्यासाठी मुख्य जाळ्याकडून टीव्हीच्या जाळ्याकडे जाण्याची मुभा हवी :

```
config forwarding
    option src 'lan'
    option dest 'iot'
```

उलट दिशेची मुभा देऊ नये. फोनने सुरू केलेल्या संभाषणाचे उत्तर राउटर ओळखतो आणि ते आपोआप परत येऊ देतो. स्वतःहून नवे संभाषण सुरू करणाऱ्या कॅमेऱ्याला मात्र तो अडवतो. सल्लागाराच्या कागदपत्रांचे संरक्षण याच एकतर्फी दाराने होते. घाईत दोन्ही दिशा मोकळ्या केल्या, तर कास्टिंग चालते. पण दोन जाळी नावापुरती उरतात.

दोष नेमका कोठे, हे कसे ओळखावे?

एवढे करूनही अडचण आली, तर एकच प्रश्न विचारावा : टीव्हीचे नाव फोनच्या यादीत दिसते की नाही?

नाव दिसत नसेल, तर दोष शोधाच्या टप्प्यात आहे. मुख्य जाळ्यातील मॅक संगणकावर `dns-sd -B _googlecast._tcp` ही आज्ञा द्यावी. लिनक्सवर त्यासाठी पुढील आज्ञा आहे :

```
avahi-browse -rt _googlecast._tcp
```

तिच्या उत्तरात `192.168.30.21` हा पत्ता आणि `8009` हे पोर्ट दिसले, तर रिफ्लेक्टर आपले काम चोख करत आहे आणि दोष फोनमध्ये आहे. आयफोनमध्ये आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, प्रत्येक ॲपला स्थानिक जाळे पाहण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती एकदा नाकारली गेली, की ते ॲप मुकाट्याने रिकामी यादी दाखवते. फोनवर व्हीपीएन चालू असल्यासही हाच अनुभव येऊ शकतो.

आज्ञेचे उत्तर रिकामे आले, तर राउटरवर `tcpdump` बसवून टीव्हीच्या बाजूला कान द्यावा :

```
tcpdump -ni br-iot udp port 5353
```

ही आज्ञा चालू ठेवून फोनवर कास्टचे चिन्ह दाबावे. पडद्यावर राउटरच्या, म्हणजे `192.168.30.1` या पत्त्यावरून गेलेली हाक दिसायला हवी आणि पाठोपाठ `192.168.30.21` कडून उत्तर दिसायला हवे. हाकच दिसत नसेल, तर रिफ्लेक्टर चालू नाही, किंवा मुख्य बाजूची हाक त्याच्यापर्यंत येत नाही. हाक दिसते पण उत्तर नाही, तर टीव्हीच्या बाजूचे वायफाय सामूहिक संदेश गाळत असावे. काही ॲक्सेस पॉइंटमधील ‘आयजीएमपी स्नूपिंग’ किंवा तत्सम सोय असा घोटाळा करते. ती बंद करून पुन्हा पाहावे. हाक आणि उत्तर दोन्ही दिसतात, तरीही मुख्य जाळ्यात काही पोहोचत नाही, तेव्हा वरील खिडकीचा नियम तपासावा. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात ठेवावी. `tcpdump` फायरवॉलच्या आधीचे चित्र दाखवते. त्यामुळे उत्तर त्यात दिसले, म्हणजे ते रिफ्लेक्टरला मिळाले, असे होत नाही.

नाव दिसते, परंतु निवडल्यावर जोडणी होत नाही, अशी स्थिती असेल, तर शोधाचा टप्पा सुखरूप पार पडलेला आहे. रिफ्लेक्टरच्या फाइलमध्ये बदल करत बसणे व्यर्थ आहे. मुख्य जाळ्यातील संगणकावरून थेट दार ठोठावावे :

```
nc -vz 192.168.30.21 8009
```

जोडणी नाकारली गेली किंवा आज्ञा ताटकळत राहिली, तर फायरवॉलमधील मुभा तपासावी.

यूट्यूब चालते, पण फोनमधील छायाचित्र नाही

तिसरी तक्रार सर्वांत फसवी असते. यूट्यूब टीव्हीवर सुरळीत चालते. मात्र फोनमध्ये साठवलेले लग्नाचे छायाचित्रण पाठवले, की टीव्हीवर नुसते चक्र फिरत राहते. याचे कारण कास्टिंगच्या रचनेत आहे. यूट्यूबच्या वेळी फोन टीव्हीला फक्त ‘अमुक चित्रफीत लाव’ असे सांगतो आणि टीव्ही ती स्वतः इंटरनेटवरून आणतो. फाइल फोनमध्येच असते, तेव्हा अनेक ॲप फोनवर तात्पुरता सर्व्हर उभा करतात आणि टीव्हीला तेथून फाइल घेण्यास सांगतात. म्हणजे आता टीव्ही फोनकडे नवे संभाषण सुरू करतो आणि एकतर्फी दार त्याला अडवते. एअरप्लेने फोनचा पडदा दाखवतानाही वेळ जुळवण्यासाठी असे उलटे संदेश येऊ शकतात.

यावर खर्चाविना उपाय नाही. टीव्हीच्या एकाच पत्त्याला त्या एकाच फोनपर्यंत जाण्याची मुभा देता येते. त्यासाठी फोनचाही पत्ता कायम करावा लागतो, आणि तात्पुरत्या सर्व्हरचे पोर्ट दर वेळी बदलत असल्याने ही मुभा काहीशी सैल ठेवावी लागते. हे प्रसंग क्वचितचे असतील, तर तेवढ्या वेळेपुरता फोन टीव्हीच्या वायफायला जोडणे अधिक सुरक्षित ठरते.

रिफ्लेक्टर जे करू शकत नाही

रिफ्लेक्टर केवळ एमडीएनएसची हाक ओळखतो. डीएलएनए पद्धतीचे चित्रपट-सर्व्हर आणि टीव्हीवरील काही ॲप एसएसडीपी नावाची वेगळी पद्धत वापरतात. तिचा सामूहिक पत्ता `239.255.255.250` आणि पोर्ट १९०० आहे. तेथे हा रिफ्लेक्टर निरुपयोगी असून त्यासाठी निराळी रिले प्रणाली लागते.

एकाच दोन जाळ्यांमध्ये दोन रिफ्लेक्टर कधीही ठेवू नयेत. एकाने दिलेली हाक दुसरा ऐकतो, पुन्हा देतो, ती पहिला ऐकतो, आणि हे चक्र वायफाय गुदमरून टाकू शकते. राउटरवर रिफ्लेक्टर चालू केल्यावर घरातील जुन्या लिनक्स संगणकावरील रिफ्लेक्टर बंद केला आहे ना, हे पाहावे. यंत्रांच्या नावांपुढे अकारण २, ३ असे आकडे लागू लागले, तर स्वतःचीच हाक परत ऐकू येत असल्याचे ते एक लक्षण असू शकते.

गोपनीयतेचाही विचार हवा. रिफ्लेक्टर दोन्ही दिशांनी बोलतो. त्यामुळे मुख्य जाळ्यातील प्रिंटर, हार्डडिस्क आणि अनेकदा मालकाच्या नावासह असलेले संगणक यांची नावे टीव्हीच्या जाळ्यातील यंत्रांना कळतात. फायरवॉलमुळे त्यांना तेथे पोहोचता येत नाही, तरी घरात काय आहे याची यादी मिळते. अवाहीच्या ०.८ या आवृत्तीपासून ठराविक सेवाच पुढे पाठवण्याची सोय आहे. `[reflector]` विभागात पुढील ओळ घालता येते :

```
reflect-filters=_googlecast._tcp.local,_airplay._tcp.local
```

ही ओळ घातल्यावर कास्टिंग पुन्हा तपासून पाहावे. प्रिंटरही दुसऱ्या जाळ्यात असल्यास त्याची सेवा, म्हणजे `_ipp._tcp.local`, यादीत जोडावी लागेल. पाहुण्यांच्या वायफायला शक्यतो रिफ्लेक्टरमध्ये घेऊच नये. वसतिगृहे किंवा मोठी कार्यालये यांच्यासाठी हे साधन अपुरे आहे. तेथे प्रत्येक हाक प्रत्येक जाळ्यात घुमते आणि वायफायचा वेळ खाते. अशा ठिकाणांसाठी २०२० च्या आरएफसी ८७६६ मध्ये ‘डिस्कव्हरी प्रॉक्सी’ ही वेगळी रचना सांगितलेली आहे.

नकळत झालेली दोन जाळी

काही घरांत दोन सबनेट हेतुपुरस्सर केलेली नसतात. इंटरनेट कंपनीने एक राउटर दिलेला असतो, त्याचे वायफाय आतल्या खोलीत पोहोचत नाही म्हणून बाजारातून दुसरा आणून त्याला जोडला जातो. दुसरा राउटर स्वतःचे निराळे जाळे उभे करतो. टीव्ही पहिल्यावर, फोन दुसऱ्यावर आणि कास्टिंग बंद. येथे रिफ्लेक्टरची गरजच नाही. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये टाकला, की सारे घर एका जाळ्यात येते. ही स्थिती ओळखणे सोपे आहे. फोन आणि टीव्ही या दोघांच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता पाहावा. सामान्य घरगुती मांडणीत पहिले तीन आकडे वेगळे असतील, तर जाळी दोन आहेत.

इतर राउटरवर

ओपनडब्ल्यूआरटी नसले तरी तत्त्व तेच राहते, फक्त आज्ञा बदलते. एजराउटरवर `set service mdns repeater interface` या आज्ञेने प्रत्येक जाळ्याचे नाव द्यावे लागते. मायक्रोटिकच्या राउटरओएसमध्ये ७.१६ या आवृत्तीपासून `/ip dns` विभागात `mdns-repeat-ifaces` हा पर्याय आहे. ओपीएनसेन्समध्ये `os-mdns-repeater` हा प्लगइन, तर पीएफसेन्समध्ये अवाहीचे पॅकेज मिळते. कोणत्याही राउटरवर ही सोय फक्त नाव ऐकवते. दार कोणाला आणि कोणत्या दिशेने उघडायचे, हे फायरवॉलमध्ये स्वतंत्रपणे ठरवावे लागते.